360 केबीच्या फ्लॉपी 360 च्याच ड्राइव्हवर अर्धवट वाचल्या जातात, डेटा गेला समजायचं का?

निफाडचा_मळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या आप्पांनी 1988 ते 1994 या काळात द्राक्षबागेच्या रोजच्या नोंदी संगणकावर ठेवल्या होत्या. पाऊस, कमाल-किमान तापमान, कोणत्या प्लॉटवर कोणती फवारणी केली, ऑक्टोबर छाटणी कधी झाली, डाऊनी कधी दिसला, असं सगळं डीबेस थ्री प्लसमध्ये आहे. एवढ्या वर्षांची सलग नोंद आमच्या भागात दुसऱ्या कोणाकडे असेल असं मला वाटत नाही, म्हणून ती काढायचीच आहे.

सव्वापाच इंचाच्या फ्लॉपींचा एक खोका आहे. सगळ्या डबल डेन्सिटी, म्हणजे 360 केबीच्या. एका मित्राकडून टीॲकचा 360 केबीचा ड्राइव्ह मिळाला, फ्लॉपीवरचा कच्चा सिग्नल संगणकावर उतरवणारं ग्रीजविझलचं कार्ड मागवलं आणि जुन्या एसएमपीएसवरून ड्राइव्हला 12 आणि 5 व्होल्ट दिले. लिहिण्याच्या खाचेवर प्रत्येक फ्लॉपीला आधी काळी पट्टी लावली. बहुतेक फ्लॉप्या स्वच्छ वाचल्या गेल्या, पण 1991 ची जी सगळ्यात महत्त्वाची आहे तिच्या शेवटी हे आलं:

```
Found 611 sectors of 720 (84%)
```

पुन्हा वाचलं की आकडा थोडा वरखाली होतो, पण त्याच पट्ट्यात न वाचलेल्या सेक्टरांचे X येतात. डिरेक्टरी नीट दिसते. PAUS.DBF हे नाव आणि आकार दिसतो, पण फाइल उघडली की मध्येच कचरा. चकती उजेडात धरून पाहिली, ओरखडा नाही, बुरशी नाही. आता काय करावं?

पंचवटी_एक्स्प्रेस

एवढा खटाटोप कशाला? यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह ऑनलाइन मिळतो, लॅपटॉपला लावा आणि कॉपी-पेस्ट करा. मी माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टच्या फ्लॉप्या तशाच काढल्या.

सोल्डर_सातपूर

तुमच्या फ्लॉप्या साडेतीन इंचाच्या असणार, म्हणून जमलं. यूएसबीचे ड्राइव्ह तेवढ्याच मापाचे येतात. शिवाय त्यांच्या आतली चिप एक तर चांगला सेक्टर देते नाहीतर 'वाचता येत नाही' म्हणून मोकळी होते. इथे नेमकं काय बिघडलं आहे हेच आपल्याला पाहायचं आहे.

आडगावनाका

दादा, तुमचा ड्राइव्ह बरोबर आहे. 360 च्या फ्लॉपीला 360 चाच ड्राइव्ह हवा हा जुना नियम आहे. चुकूनही 1.2 एमबीचा ड्राइव्ह लावू नका, डिस्क खराब होईल. मी 1990 च्या सुमारास शालिमारजवळ डेटा एन्ट्रीचं काम करायचो. 1.2 चा ड्राइव्ह असलेल्या एटी संगणकावर लिहिलेली फ्लॉपी 360 च्या ड्राइव्हच्या जुन्या एक्सटीवर चालत नाही, ही तक्रार रोज यायची. 360 वरच 84 टक्के आलं असेल तर उरलेलं चुंबकत्व उतरलं आहे. पस्तीस वर्षं कमी नाहीत.

सोल्डर_सातपूर

आडगावनाका, तुमची तक्रार खरी आहे आणि तिच्यातच उत्तर आहे. फक्त नियम उलटा लावला जातोय. 1.2 चा ड्राइव्ह वाईट आहे तो 360 च्या फ्लॉपीवर *लिहायला*. वाचायला नाही.

निफाडचा_मळा, आधी मला दोन गोष्टी सांगा. एक, 1991 च्या नोंदी कोणत्या मशीनवर टाकल्या होत्या? आप्पांना विचारता येईल का? दोन, तुम्ही वाचलेली कच्ची .scp फाइल ठेवली आहे का? असेल तर ती एचएक्ससीच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक ॲनालायझरवर उघडा आणि X आलेल्या एखाद्या ट्रॅकवर पाहा. सेक्टरचं शीर्ष सापडतंय पण त्याच्या डेटाचा सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा, चुकतोय, की शीर्षच सापडत नाही? या दोन्हींचे अर्थ अगदी वेगळे आहेत.

ध्वनिफीत

माझा अनुभव ऑडिओ टेपचा आहे. जुन्या स्पूल चिकट होतात तेव्हा त्या कमी तापमानाला काही तास भाजतात आणि मग वाजतात. फ्लॉपीही शेवटी तेच चुंबकीय द्रव्य. 50-55 अंशांना ठेवून पाहायला काय हरकत आहे?

सोल्डर_सातपूर

कृपा करून असं करू नका. टेप भाजतात ती एका ठरावीक दोषासाठी. त्या टेपच्या बाइंडरने हवेतला ओलावा शोषलेला असतो आणि उष्णतेने तो तात्पुरता निघतो. या फ्लॉपीवर तसं काहीच दिसत नाही. हेडवर तपकिरी भुकटी नाही, किंचाळण्याचा आवाज नाही. आणि सव्वापाच इंचीचं पाकीट पीव्हीसीचं असतं, ते वाकलं तर चकती आत फिरणारच नाही.

निफाडचा_मळा

आप्पांना विचारलं. ते म्हणाले, सुरुवातीला निफाडला एका ऑफिसात एक्सटी होती, तिथे संध्याकाळी बसू द्यायचे. 1991 च्या पावसाळ्यात ती मशीन बंद पडली, मग नाशिकरोडला मित्राकडच्या नव्या एटीवर बसून तीच फ्लॉपी पुढे चालवली. "जुन्या नोंदीही तिथे बसून दुरुस्त केल्या," असंही म्हणाले.

ॲनालायझरवर पाहिलं. X असलेल्या जवळपास सगळ्या सेक्टरांची शीर्षं हिरवी आहेत, म्हणजे सापडतात आणि बरोबर आहेत. डेटा मात्र लाल. पाच फेऱ्यांत पाच वेगवेगळे बाइट येतात.

सोल्डर_सातपूर

मग डेटा गेलेला नाही. सविस्तर लिहितो, कारण नाशिकमध्ये अजून कोणाकोणाकडे असे खोके पडलेले असणार.

360 च्या ड्राइव्हचं हेड रुंद असतं. ते साधारण 0.33 मिलिमीटर रुंदीचा पट्टा लिहितं, आणि असे 40 ट्रॅक एका बाजूला बसतात. 1.2 च्या ड्राइव्हला तेवढ्याच जागेत 80 ट्रॅक बसवायचे असतात म्हणून त्याचं हेड जवळजवळ निम्मं, 0.16 मिलिमीटरच्या आसपास. आप्पांनी फ्लॉपी फॉरमॅट केली एक्सटीवर. म्हणजे सगळे पट्टे रुंद. नंतर एटीवर बसून नोंदी टाकल्या, तेव्हा अरुंद हेडने त्या रुंद पट्ट्याच्या मधोमध नवा डेटा लिहिला. दोन्ही कडांना जुना डेटा तसाच राहिला. तुमच्याच शेतातलं सांगायचं तर जुन्या रुंद सरीच्या मधोमध नवी अरुंद सरी पाडली, पण जुनी सरी कडेने बुजवलीच नाही.

आता तुमच्या 360 च्या ड्राइव्हचं रुंद हेड त्या जागेवरून जातं तेव्हा त्याला मधला नवा आणि कडेचा जुना असे दोन्ही डेटा एकदम ऐकू येतात. म्हणून सीआरसी चुकतो आणि दर फेरीला वेगळे बाइट येतात. सेक्टरचं शीर्ष मात्र फक्त फॉरमॅट करतानाच लिहिलं जातं, नंतर फाइल साठवताना डॉस त्याला हात लावत नाही. ते पूर्ण रुंदीचं शाबूत आहे म्हणून हिरवं दिसतं. हिरवं शीर्ष, लाल डेटा, आणि ते फक्त नंतर लिहिलेल्या फाइलींच्या जागी, ही या दुखण्याची खूण. चुंबकत्व उतरलं असतं तर शीर्षंही गेली असती, आणि एका फाइलीपुरती गेली नसती.

उपाय: हीच फ्लॉपी 1.2 च्या ड्राइव्हवर *वाचायची*. अरुंद हेड मधल्या नव्या पट्ट्यावरूनच जातं, कडेचं त्याला दिसत नाही. फक्त हेड दोन-दोन पावलं टाकत न्यायचं, कारण ड्राइव्हला 80 जागा माहीत आहेत आणि फ्लॉपीवर 40 च आहेत. 1.2 चा ड्राइव्ह मिनिटाला 300 ऐवजी 360 फेरे मारतो, पण उलगडताना ग्रीजविझल ते जुळवून घेतं.

```
gw read --tracks="c=0-39:h=0-1:step=2" --revs=5 disk91.scp
gw convert --format=ibm.360 disk91.scp disk91.img
```

पहिली ओळ कच्चा प्रवाह उतरवते, दुसरी त्यातून इमेज काढते. दोन्ही एकदम करता येतात, पण अशा फ्लॉपीसाठी मी वेगळंच करतो. कच्ची फाइल हातात असली की उलगडण्याचे प्रयोग हवे तेवढे करता येतात आणि फ्लॉपीला पुन्हा त्रास द्यावा लागत नाही.

आडगावनाका

हे पटलं. तेव्हा आम्ही एवढंच करायचो की एटीवर लिहायची फ्लॉपी आधी चुंबकाने पूर्ण पुसून एटीवरच फॉरमॅट करायची, मग ती एक्सटीवर चालायची. का चालते ते माहीत नव्हतं. कडेचं जुनं काही उरायचं नाही म्हणून, बरोबर ना?

सोल्डर_सातपूर

अगदी बरोबर. मधे अरुंद पट्टा आणि कडेला शांतता, मग रुंद हेडला तो वाचता येतो. सिग्नल थोडा दबका येतो एवढंच.

गोदाकाठ

धागा वाचून विचारते आहे. आमच्या पतसंस्थेत जुन्या युनिक्स मशीनच्या बॅकअपच्या कार्ट्रिज सापडल्या. डीसी 6150 असं लिहिलंय, ॲल्युमिनियमची जाड पाटी आहे खाली. ड्राइव्हही कपाटात आहे. 1993 च्या खतावण्या त्यावर असाव्यात. तीच पद्धत चालेल का?

सोल्डर_सातपूर

ताई, तुमचं प्रकरण पूर्ण वेगळं आहे आणि एक कळकळीची विनंती आहे, ती कार्ट्रिज ड्राइव्हमध्ये घालू नका. चाचणी म्हणूनही नको.

या कार्ट्रिजमध्ये दोन्ही रिळांना फिरवणारा एक ताणलेला पट्टा असतो, तो टेपला बाहेरून घासत जातो. इतक्या वर्षांत तो सैल होतो, तुटतो किंवा टेपला चिकटून बसतो. चिकटलेला असताना ड्राइव्हने झटका दिला की टेपवरचं द्रव्य पट्ट्याबरोबर सोलून निघतं. शिवाय ड्राइव्हमधलं रबरी चाक बहुतेक वेळा वितळून डांबरासारखं झालेलं असतं. दार उघडून काडीने त्याला हलकेच टेकवून पाहा. काडी चिकटली तर चाक बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही.

अजून एक धोका. या टेपची टोकं रिळाला बांधलेलीच नसतात. टेपच्या दोन्ही शेवटांकडे बारीक भोकं असतात, ड्राइव्ह त्यातून प्रकाश पाहून थांबतो. तो सेन्सर धुळीने आंधळा झाला असेल तर टेप रिळावरून सुटून बाहेर येते.

गोदाकाठ

बापरे. संस्थेतला मुलगा उद्या लावून बघतो म्हणत होता, त्याला आत्ताच फोन केला. पट्टा बदलता येतो का?

सोल्डर_सातपूर

येतो. त्याच मापाच्या दुसऱ्या चांगल्या कार्ट्रिजमधला काढून घालतात, आणि आधी एखाद्या बिनमहत्त्वाच्या टेपवर हात बसवतात. पण टेप वाचली गेली तरी बॅकअप `tar` ने घेतला होता की `cpio` ने की अकाउंटिंग पॅकेजच्या स्वतःच्या पद्धतीने, हा प्रश्न राहतोच. मशीनसोबतची वही किंवा बॅकअपची छापील स्क्रिप्ट कुठे सापडते का पाहा. वेगळा धागा काढा, तिथे फोटो टाका.

निफाडचा_मळा

सोल्डर दादांकडे सातपूरला जाऊन आलो. त्यांचा पॅनासोनिकचा 1.2 चा ड्राइव्ह होता. आधी त्यांनी 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही हेड पुसले. वरचं हेड उचलायचं नाही, बोळा कडेने सरकवायचा, हे दाखवलं. मग नको असलेली एक फ्लॉपी वाचून ड्राइव्ह ठीक असल्याची खात्री केली. त्यानंतर आमची घातली आणि वरच्याच दोन ओळी चालवल्या.

```
Found 716 sectors of 720 (99%)
```

स्क्रीनवर त्याच पट्ट्यांत टिंबं भरत गेलेली पाहिली तेव्हा फोन करून आप्पांना तिथूनच सांगितलं. उरलेल्या चारपैकी दोन सेक्टर 38 व्या ट्रॅकवर आहेत आणि तिथे कोणतीच फाइल नाही. दोन मात्र 31 व्या ट्रॅकच्या दुसऱ्या बाजूला, 4 आणि 5 क्रमांकाचे. ते PAUS.DBF मध्येच पडतात. तेवढ्याने फाइल गेली का?

सोल्डर_सातपूर

अजिबात नाही. डीबेसची फाइल या बाबतीत फार चांगली. सुरुवातीला रकान्यांची यादी, आणि त्यानंतर प्रत्येक नोंद ठरलेल्या लांबीची, एकामागून एक. मधला तुकडा गेला तरी पुढच्या नोंदी जागेवरच राहतात.

हेक्स एडिटरमध्ये फाइल उघडा. पहिला बाइट `03` असेल. शून्यापासून मोजून दहाव्या आणि अकराव्या जागेवर नोंदीची लांबी असते. तुमच्या फाइलमध्ये ती किती आहे ते सांगा. आणि बिघडलेल्या सेक्टरच्या जागी ग्रीजविझल स्वतःची खूण भरतं, `-=[BAD SECTOR]=-` असं लिहिलेलं दिसेल. ते शोधा.

निफाडचा_मळा

तिथे `2E 00` आहे, म्हणजे 46. तारीख 8, प्लॉट 4, पाऊस 5, कमाल 4, किमान 4, फवारणी 20, आणि सुरुवातीचा एक बाइट. बेरीज जुळते.

खूणही सापडली. दोन्ही सेक्टर लागोपाठ आहेत. 1024 भागिले 46, म्हणजे तेवीस-चोवीस नोंदी. आजूबाजूच्या तारखा पाहिल्या तर 1991 च्या ऑगस्टमधले दिवस आहेत. बाकी सगळं वर्ष नीट वाचता येतं. लिबरऑफिसमध्ये उघडलं तर रकाने व्यवस्थित बसले, आणि आप्पांनी छाटणीनंतर बोर्डोची पहिली फवारणी कधी घेतली तेही दिसलं. काही नोंदींच्या सुरुवातीला तारा आहे, ते काय?

सोल्डर_सातपूर

तो सुरुवातीचा एक बाइट त्यासाठीच. तारा म्हणजे डीबेसमध्ये ती नोंद रद्द केली होती. पण `PACK` ही आज्ञा देईपर्यंत ती फाइलमध्येच राहते. आप्पांनी एटीवर दुरुस्त केलेल्या नोंदींची आधीची रूपं त्यात असू शकतात. लिबरऑफिस ती लपवत असेल तर हेक्स एडिटरमधून उतरवून घ्या, पुसू नका.

आडगावनाका

ते दोन सेक्टर कायमचे गेले का? चकतीवर तर डाग नाही म्हणता.

सोल्डर_सातपूर

अजून सांगता येत नाही. कच्च्या फाइलमध्ये त्या दोन्हींचे पाच फेऱ्यांचे पाच पाठ आहेत. सीआरसी एकाचाही जुळत नाही, पण चूक बहुधा थोड्याच बाइटांत असेल. रकाने ठरलेल्या रुंदीचे आहेत, तारखा एकापुढे एक येतात, पाऊस आणि तापमान आकड्यांतच असणार, म्हणून पाचही पाठ शेजारी ठेवून डोळ्यांनी बरंच लावता येईल. जिथे पाचही पाठ सारखे तिथे विश्वास ठेवायचा, जिथे वेगळे तिथे रकाना मोकळा सोडायचा. अंदाजाने आकडा भरू नका, पुढे तो खराच समजला जातो.

दुसरा मार्ग वेगळ्या 1.2 च्या ड्राइव्हचा. प्रत्येक ड्राइव्हचं हेड केसभर इकडेतिकडे बसलेलं असतं. ज्या एटीवर लिहिलं तिचं हेड किंचित आत किंवा बाहेर असेल, तर दुसरा ड्राइव्ह कदाचित त्या पट्ट्यावर नीट बसेल. माझ्याकडे एनईसीचा एक आहे, पण त्याची मोटर चालत नाही.

पंचवटी_एक्स्प्रेस

माझ्या मामांकडे अंबडला एक जुनी एटी पडून आहे, तिला सव्वापाचचा ड्राइव्ह आहे. 1.2 चा की 360 चा ते कसं ओळखायचं?

सोल्डर_सातपूर

मागच्या पाटीवरचा मॉडेल क्रमांक सांगा, त्यावरून कळेल. समोरच्या पट्टीवर तारकेची खूण कोरलेली असेल तर तो बहुधा 360 चा. एटीच्या काळात दोन्ही प्रकारचे ड्राइव्ह एकाच मशीनला असायचे, तेव्हा ओळखायला ती खूण द्यायचे.

निफाडचा_मळा

मामांचा ड्राइव्ह मिळाला तर फार बरं होईल, मी येऊन घेऊन जातो. व्यनि करतो.

तोवर एक शंका. खोक्यातल्या 1994 च्या फ्लॉपीवर खिडकीतून पांढरे, झाडाच्या फांद्यांसारखे डाग दिसतात. ती अजून ड्राइव्हमध्ये घातलेली नाही.

सोल्डर_सातपूर

घालूही नका. ती बुरशी आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद खोक्यात ती हमखास येते. तशीच फिरवली तर हेडखाली बुरशी घासून चकतीवर गोल चरा पडतो, आणि मग तो ट्रॅक खरोखरच जातो. शिवाय तेच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर चालतं.

तोंडाला मास्क लावा. पाकिटाची वरची कड ब्लेडने कापून चकती मधल्या भोकाच्या कडेला धरून बाहेर काढा. लेबलची बाजू कोणती ते भोकाजवळच्या कडेवर बारीक खूण करून ठेवा, नाहीतर परत घालताना उलटी जाते. डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून बोटांच्या पेरांनी हलक्या हाताने पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा, आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. जुनं पाकीट वापरायचं नाही, त्याच्या अस्तरातही बुरशी असते. एखाद्या नको असलेल्या फ्लॉपीची चकती काढून तिच्या पाकिटात ही घाला. वाचताना कान ड्राइव्हकडे ठेवा. चीं असा आवाज आला की त्याच क्षणी बंद करून हेड पुसा.

1994 ची फ्लॉपी पूर्णपणे एटीवरच केलेली असेल तर ती कोणत्या ड्राइव्हवर आधी लावायची हे तिची फॉरमॅट कुठे झाली यावर ठरेल. आप्पांना तेवढं विचारून ठेवा.

निफाडचा_मळा

विचारलं. त्यांना आठवत नाही. कोरी खोकी नाशिकरोडच्या मित्रानेच आणून दिली होती, एवढंच सांगतात. रविवारी पाकीट कापतो, वाळली की फोटो टाकतो.